लग्नघर भाड्याचं असतं तेव्हा

तुळशीची लग्नं उरकली की मुहूर्त सुरू होतात आणि त्याच सुमारास शहरातल्या घरमालकांना एक ठरावीक फोन येऊ लागतो. सुरुवात तब्येतीच्या चौकशीने होते, मग थंडीचा विषय निघतो आणि शेवटी ‘एक छोटीशी विनंती होती’ असं म्हणत मुद्दा येतो. मुलीचं लग्न ठरलंय, कार्यालय मिळालंय, गावाकडची चार माणसं आधीपासून मदतीला येतील म्हणतात. किती दिवस? ‘असतील दहा-पंधरा दिवस.’ मालकही भिडेखातर ‘येऊ द्या की, शुभकार्य आहे’ म्हणून मोकळे होतात. चार माणसं म्हणजे कोण, दहा म्हणजे दहा की पंचवीस, यातलं काहीच बोललं जात नाही. पुढे कुरबुर होते ती बहुतेक वेळा याच संभाषणावरून, कारण ते दोघांनाही वेगवेगळं आठवत असतं.

लग्न एका दिवसाचं असलं तरी लग्नघर महिनाभर चालतं. बस्ता, पत्रिका, केळवणं, रुखवताची मांडामांड, देवक, हळद, मग लग्न आणि त्यामागून सत्यनारायण. परभणीचं किंवा कोल्हापूरचं कुटुंब पुण्यात नोकरीसाठी स्थिरावलेलं असलं, तर मुलगी पुण्यात, कार्यालय पुण्यात आणि हातभार लावणारी माणसं सगळी गावी अशी स्थिती असते. ती माणसं येणार, राहणार, स्वयंपाकघर ताब्यात घेणार. स्वतःच्या घरात हे कोणाला विचारावं लागत नाही. भाड्याच्या घरात विचारावं लागतं आणि त्यामागे मालकाच्या स्वभावापेक्षा कागदाचं कारण मोठं आहे.

महाराष्ट्रातल्या शहरांत आज घर भाड्याने दिलं जातं ते बहुतेक ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर, साधारणपणे अकरा महिन्यांसाठी. बोलताना सगळे ‘भाडेकरू’ म्हणतात, पण या करारात राहणारा माणूस कायद्याने भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. 1882च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातल्या कलम 52 प्रमाणे परवाना म्हणजे दुसऱ्याच्या जागेत एखादी गोष्ट करण्याची नुसती मुभा. त्या जागेत कोणताही हक्क त्यातून निर्माण होत नाही. कलम 56 सांगतं, की असा परवाना दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. करमणुकीच्या कार्यक्रमाचं तिकीट मात्र दुसऱ्याला देता येतं, असा त्यात अपवाद आहे. घराला ती सवलत नाही.

हेच तत्त्व करारात उतरतं. ऑनलाइन नोंदणीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या तयार मसुद्यात एक कलम असतं. त्याचा मथितार्थ असा, की जागा परवानाधारकाला व्यक्तिशः दिलेली आहे आणि जागेचा किंवा तिच्या कोणत्याही भागाचा ताबा तो अन्य कोणालाही देऊ शकणार नाही. एजंट घरी येतो, लॅपटॉप उघडतो, अंगठे घेतो आणि दहा मिनिटांत निघून जातो. हे कलम त्या वेळी कोणी वाचत नाही. ते वाचलं जातं, ते शेजारच्यांनी मालकाला ‘तुमच्या फ्लॅटमध्ये हल्ली बरीच मंडळी दिसतात’ असं कळवल्यावर.

मग रविवारी जेवायला आलेली मावशीही या कलमात अडकते का? नाही. पाहुणा येणं आणि ताबा देणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे न्यायालयांनी पुष्कळदा सांगितलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली ‘जगदीशप्रसाद विरुद्ध अंगूरीदेवी’ या उत्तर प्रदेशातल्या एका दुकानाच्या खटल्यात म्हटलं, की भाडेकरूखेरीज दुसरं माणूस जागेत दिसलं एवढ्यावरून पोटभाडेकरू ठेवला असं गृहीत धरता येत नाही. अशा प्रकरणांत मुख्यतः दोन गोष्टी पाहिल्या जातात. मूळ राहणाऱ्याने जागेचा ताबा सोडून तो दुसऱ्याला दिला का, आणि त्याबद्दल मोबदला घेतला का. मुलीचे आईवडील घरात राहताहेत, किल्ली त्यांच्याकडे आहे आणि मामा हॉलमध्ये गादी टाकून झोपतोय, तर यातलं काहीच घडलेलं नसतं.

तरी या निकालावर फार विसंबून चालणार नाही. तो भाडेकरूबद्दलचा आहे आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला त्याच्याइतकं संरक्षण नाही. त्याच्या करारात अट मोडल्यास परवाना रद्द करण्याची तरतूद असते, शिवाय बहुधा एका महिन्याच्या सूचनेने करार संपवण्याचीही. मालकाला मामा खटकला, तर ‘पोटभाडेकरू ठेवला’ हे सिद्ध करायच्या भानगडीत तो पडणारच नाही. तो साधी एक महिन्याची नोटीस देईल. लग्नाच्या तोंडावर घर शोधत फिरण्यापेक्षा महिनाभर आधी विचारणं शहाणपणाचं आहे.

मालक इतका धास्तावलेला का असतो, याला मात्र इतिहास आहे. मुंबईत 1947चा भाडे नियंत्रण कायदा लागू होता तेव्हा त्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी अनेकांनी जागा भाड्याने न देता परवान्यावर द्यायला सुरुवात केली. मग 1973 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू करारावर जागेत राहणारे परवानाधारक एका फटक्यात कायद्याने भाडेकरू ठरले. काही महिन्यांसाठी म्हणून दिलेल्या खोल्या कायमच्या गेल्या. ती गोष्ट घराघरांत सांगितली गेली आणि पुढची कित्येक वर्षं ‘रिकामी ठेवू, पण देणार नाही’ म्हणणारे मालक मुंबईत पैशाला पासरी होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि त्यातल्या कलम 24 ने मालकाला दिलासा दिला. परवान्याची मुदत संपली तरी जागा सोडली नाही, तर तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मिळते. कायदा बदलला, पण वडिलांकडून ऐकलेली भीती टिकली. आजच्या साठीतल्या मालकाला सहा पाहुण्यांची अडचण नसते. सातवा कोणीतरी राहून जाईल, ही धास्ती असते. म्हणून परवानगी मागताना सर्वांत आधी सांगायची गोष्ट म्हणजे पाहुणे जातील ती तारीख. येण्याची तारीख त्यानंतर सांगितली तरी चालेल.

आता एक उदाहरण नीट मांडून पाहू. कोथरूडमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. नवरा-बायको, लग्नाची मुलगी आणि धाकटा मुलगा असे चौघे त्यात राहतात. करार 1 फेब्रुवारी ते 31 डिसेंबर. लग्न 7 डिसेंबरला. आजी 22 नोव्हेंबरला येणार आणि सत्यनारायण झाल्यावर 14 डिसेंबरला परतणार. मामा-मामी 28 नोव्हेंबर ते 11 डिसेंबर. आत्या आणि तिची दोन मुलं 1 ते 10 डिसेंबर. बाकीचं वऱ्हाड आदल्या दिवशी थेट कार्यालयातल्या खोल्यांवर उतरणार. म्हणजे घरात एका वेळी जास्तीत जास्त दहा माणसं आणि तीही दहाच दिवस. ‘महिनाभर पंधरा-वीस माणसं’ अशी जी प्रतिमा मालकाच्या डोळ्यांसमोर उभी राहते, तिच्यापेक्षा हे चित्र बरंच आटोपशीर आहे. पण आकडे कागदावर आल्याशिवाय ते त्याला दिसणार कसं?

सगळ्यात जास्त बोलणं होतं ते पाण्यावरून. त्याचा हिशेब करता येतो. आजीचे 23 दिवस, मामा-मामींचे मिळून 28, आत्या आणि मुलांचे मिळून 30, असे एकूण 81 माणूस-दिवस होतात. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी रोज 135 लिटर धरतात. त्या मापाने जादा पाणी लागेल 10,935 लिटर, म्हणजे 10 हजार लिटरचा एक टँकर आणि वर थोडं. तेवीस दिवसांच्या गजबजाटाची किंमत एक टँकर. हे ऐकल्यावर मालक आणि सोसायटीचे सचिव दोघांचाही आवाज खाली येतो.

यातही एक गोम आहे. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पाणीपट्टीची वाटणी घरातल्या नळांची संख्या आणि आकार यांवर होते, माणसांवर नाही. लग्नघराने एक टँकर जास्त वापरला तरी त्यांच्या बिलात फरक पडत नाही आणि तो खर्च सगळ्या इमारतीवर पसरतो. वरच्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजोबांनी नाक मुरडलं, तर त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. म्हणून टँकरचे पैसे आपणहून देऊ करणं चांगलं. फक्त ते ‘पाहुण्यांचं भाडं’ म्हणून देऊ-घेऊ नयेत. सोसायटीला दिले तर रीतसर पावती घ्यावी, मालकाला दिले तर निरोपात ‘पाण्याचा जादा खर्च’ असं लिहावं. भाडं म्हटलं की पाहुणा हा पाहुणा उरत नाही.

विजेचं बिल राहणाराच भरतो, तेव्हा तिथे वाद नाही. पण सकाळच्या अंघोळींचं नियोजन हा प्रत्येक लग्नघराचा कळीचा प्रश्न असतो आणि डिसेंबरात तर जास्तच. न्हाणीघरातला 15 लिटरचा, 2 किलोवॅटचा गीझर गार पाणी कडकडीत तापवायला वीस-बावीस मिनिटं घेतो. दहा माणसांना एक-एक टाकी द्यायची म्हटली तर साडेतीन तास झाले. म्हणजे पहिला नंबर पहाटे साडेचारला. पंपाचा, बादल्यांचा आणि फरशीवर पाट सरकवण्याचा आवाज खालच्या घरात जातो आणि तक्रारीची सुरुवात तिथून होते. खालच्या घरच्यांना पत्रिका द्यायला जाताना ‘आठ-दहा दिवस सकाळी थोडी गडबड राहील’ एवढं सांगून ठेवलं, की पुष्कळ काम होतं. लग्नाला बोलावलेला शेजारी सहसा तक्रार करत नाही.

आता प्रत्यक्ष विचारायचं कसं? आधी फोन करावा, कारण पहिलाच निरोप लेखी गेला तर मालकाला तो नोटिशीसारखा वाटतो. फोनवर होकार मिळाला, की त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलने लिहून पाठवावं. कोथरूडच्या कुटुंबाचा निरोप असा असू शकतो:

‘काका, सप्रेम नमस्कार. सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे मुलीचं लग्न 7 डिसेंबरला आहे. त्यासाठी आमच्या आई 22 नोव्हेंबर ते 14 डिसेंबर, माझे मेहुणे व त्यांच्या पत्नी 28 नोव्हेंबर ते 11 डिसेंबर, आणि माझी बहीण व तिची दोन मुलं 1 ते 10 डिसेंबर आपल्या फ्लॅटवर आमच्यासोबत राहतील. आम्ही चौघेही या काळात घरातच आहोत. कोणाकडूनही पैसे घेतलेले नाहीत. 14 डिसेंबरनंतर घरात आम्ही चौघेच असू. पाण्याचा जादा खर्च सोसायटी सांगेल त्याप्रमाणे मी देईन. हळदीचा कार्यक्रम कार्यालयात आहे, घरी फक्त देवक आणि सत्यनारायण. आपली संमती इथे लिहून कळवावी, ही विनंती. काकूंसह लग्नाला नक्की या. पत्रिका द्यायला रविवारी येतो.’

या निरोपातली तीन वाक्यं कायद्याच्या दृष्टीने कामाची आहेत. ‘आम्ही चौघेही घरातच आहोत’ म्हणजे ताबा सोडलेला नाही. ‘पैसे घेतलेले नाहीत’ म्हणजे मोबदला नाही. ‘14 डिसेंबरनंतर आम्ही चौघेच’ म्हणजे मुदत ठरलेली आहे. बाकीचा निरोप माणुसकीचा आहे आणि तोही लागतोच. मालकाकडून नुसता अंगठ्याचा इमोजी आला, तर ‘धन्यवाद काका, म्हणजे वरील तारखांना आपली संमती आहे असं समजतो’ असं एक वाक्य पुढे टाकावं. जरा आगाऊपणा वाटेल, पण दोन महिन्यांनी मालकांच्या मुलाने परदेशातून फोन करून ‘बाबांनी असं काही म्हटलं नव्हतं’ असं सांगितलं, तर हे वाक्य उपयोगी पडतं. करारावर दोन मालकांची नावं असतील, तर निरोप दोघांना पाठवावा.

करार कधी संपतो, हे विचारण्याआधीच पाहून ठेवायला हवं. वरच्या उदाहरणात तो 31 डिसेंबरला संपतो, म्हणून निभावलं. तोच 30 नोव्हेंबरला संपत असता, तर लग्नाच्या ऐन आठवड्यात सगळं कुटुंब विनाकरार राहत असतं आणि कलम 24 मधली दुप्पट भरपाई त्या दिवसापासून लागू होऊ शकली असती. व्यवहारात मालक इतक्या टोकाला जात नाहीत. पण नूतनीकरणाच्या वेळी भाडं वाढवून मागायचं असेल, तर घरात मांडव आणि दारात रुखवत असलेला माणूस किती घासाघीस करणार? अशा वेळी आधी करार नवा करून घ्यावा आणि पाहुण्यांची गोष्ट नंतर काढावी. नवा करार होतच असेल, तर त्यात एक ओळ घालता येते: कुटुंबातल्या समारंभासाठी जवळचे नातेवाईक मालकाला लेखी कळवून ठरावीक दिवसांपर्यंत राहू शकतील. मसुदा तयार मिळतो म्हणून त्यात भर घालता येत नाही, असं काही नाही. एजंट कंटाळा करतात, एवढंच.

सोसायटीचा संबंध कुठे येतो? घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी मालकाकडून जो बिनभोगवटा आकार घेते, त्याला राज्य सरकारच्या 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशाने सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांची मर्यादा आहे. घरात पाहुणे आले म्हणून तो वाढत नाही. पाहुण्यांसाठी वेगळी ‘डोकेपट्टी’ मागणाऱ्या समितीला ती कोणत्या ठरावाने आणि कोणत्या उपविधीने, असं शांतपणे विचारावं. पार्किंग मात्र सोसायटीचंच आहे. मामांची गाडी चौदा दिवस दुसऱ्याच्या जागेत उभी राहिली, तर तिथे कायद्याचं बोट दाखवून उपयोग नाही. ती बाहेरच्या सशुल्क पार्किंगमध्ये ठेवावी. गच्चीही सामायिक असते, म्हणून संगीताचा बेत असेल तर समितीची लेखी परवानगी हवी आणि ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे ध्वनिक्षेपक रात्री 10 ते सकाळी 6 बंद ठेवायला हवा. रहिवासी भागातली दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. दोन माणसांच्या गप्पांचा आवाज साधारण याच घरात असतो, तेव्हा डीजेचा प्रश्नच मिटतो.

वॉचमनच्या अॅपवर रोज सहा जणांना ‘परवानगी द्या’ दाबत बसण्यापेक्षा तारखांसह त्यांची नावं एकदाच नोंदवून ठेवावीत. मालकाने किंवा सोसायटीने ओळखपत्र मागितलं, तर आधारची पूर्ण प्रत देण्याची गरज नाही. शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड आधार’ पुरतं.

अमेरिकेहून काका येणार असतील आणि त्यांच्याकडे परदेशी पासपोर्ट असेल, तर वेगळी काळजी घ्यावी लागते. परदेशी नागरिकाला घरात उतरवून घेणाऱ्याने त्याची माहिती 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. ही जबाबदारी हॉटेलांपुरती नाही, खासगी घरांनाही ती आहे आणि 2025 च्या नव्या इमिग्रेशन कायद्यातही ती कायम आहे. काका भारतीय पासपोर्टवर परदेशात राहत असतील तर हा प्रश्न येत नाही. लग्नाच्या गडबडीत हे हमखास राहून जातं, म्हणून पत्रिका पाठवतानाच पासपोर्ट कुठला ते विचारून घ्यावं. हे करायला मालकाची मदत लागू शकते, तेव्हा त्यालाही आधी कल्पना द्यावी.

खरी बिघाडाची जागा लग्नानंतर येते. पाहुणे परततात आणि एखादा मागे राहतो. आत्याचा मुलगा म्हणतो, इथेच दोन-चार ठिकाणी मुलाखती देतो. आठवडा होतो, महिना होतो, मग तो घरखर्चाला म्हणून महिना तीन हजार देऊ लागतो. देणाऱ्या-घेणाऱ्याच्या मनात काही वावगं नसतं. पण नोव्हेंबरात मागितलेली परवानगी त्याला लागू नाही आणि पैसे सुरू झाल्यावर मोबदल्याचा मुद्दाही उभा राहतो. मालकाला नेमकी हीच भीती होती. भाचा राहणार असेल, तर नव्याने विचारावं, पोलिसांना दिलेल्या भाडेकरूंच्या माहितीत त्याचं नाव घालावं लागेल का ते मालकाबरोबर ठरवावं आणि पुढच्या करारात त्याचं नाव टाकून घ्यावं. आजी आजारी पडल्या आणि प्रवास लांबला, ही गोष्ट अर्थात निराळी. तिथे 14 तारखेच्या आधी एक निरोप पुरेसा असतो: आईंना डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय, 24 पर्यंत थांबतील. मालक नाही म्हणत नाहीत. तारीख उलटून गेल्यावर, तेही वॉचमनकडून कळलं, तर मात्र तेच मालक वेगळे वाटायला लागतात.

अनामत रकमेचं भांडणही याच दिवसांत पेरलं जातं. तोरणासाठी दाराच्या चौकटीला ठोकलेला खिळा, सत्यनारायणाच्या होमकुंडाने काळवंडलेली फरशी, दहा माणसांच्या केसांनी तुंबलेली न्हाणीघराची जाळी आणि भिंतीला पुसलेला हळदीचा हात. हळदीचा रंग उन्हात उडतो, त्यामुळे कपड्यांवरचा डाग वाळत घातला की फिका होतो. हॉलच्या आतल्या भिंतीला ऊन लागत नाही, म्हणून तिथला पिवळा पंजा रंगकाम होईपर्यंत तसाच राहतो. पाहुणे येण्याआधी मोबाइलवर सगळ्या खोल्यांचे फोटो काढून मालकांना पाठवावेत. पाटाखाली जुनी सतरंजी घालावी. आणि जे बिघडेल ते स्वतःहून दुरुस्त करून घ्यावं, कारण दीडशे रुपयांच्या प्लंबरच्या कामासाठी मालक जेव्हा अनामतीतून रक्कम कापतो, तेव्हा दीडशे कापत नाही.

मुंबईतल्या पागडीच्या खोल्या आणि जुन्या चाळी यांचं गणित निराळं आहे. तिथला भाडेकरू हा कायद्याने भाडेकरू असतो आणि त्याला काढायचं तर मालकाला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 16 मधलं कारण न्यायालयात सिद्ध करावं लागतं. लग्नाला आलेली माणसं हे त्यातलं कारण नाही. गिरगावातल्या चाळीत चार घरांत मिळून पाहुणे झोपवायचे आणि पुरुषांनी गॅलरीत अंथरुणं टाकायची, याला मालकाची परवानगी कधी कोणी मागितली नाही. मालकानेही ती अपेक्षिली नाही. पोटभाडेकरूचा संशय तिथेही घेतला जातो, पण माणूस वर्षानुवर्षं राहिला आणि मूळ भाडेकरू विरारला गेला, तर. तीन आठवड्यांच्या मामीसाठी कोणी कोर्टात जात नाही.

मालकाने नकारच दिला तर? करारात स्पष्ट मनाई असेल, तर वाद घालण्यात अर्थ नाही. तेव्हा मुक्काम विभागावा. आजींना घरी ठेवावं, कारण म्हाताऱ्या आईला चार दिवस ठेवू नका असं सांगणारा मालक विरळा. मामा-मामींसाठी जवळच एखादी सर्व्हिस अपार्टमेंटची खोली आठवड्याच्या दराने घ्यावी आणि तो खर्च कार्यालय ठरवतानाच अंदाजपत्रकात धरावा. अनेक कार्यालयं आदल्या दिवसाच्या खोल्या देतात. आणखी दोन दिवसांचे किती, हे बुकिंगच्या वेळी विचारलं तर घासाघीस करता येते. हळदीच्या दिवशी विचारलं तर ते म्हणतील तो भाव.

ज्यांच्या घरी या हंगामात कार्य आहे आणि घर भाड्याचं आहे, त्यांनी पत्रिका छापायला टाकण्याआधी कपाटातला करार बाहेर काढावा. त्यात दोनच गोष्टी शोधायच्या: मुदत कोणत्या तारखेला संपते आणि अन्य कोणाला राहू देण्याबद्दलचं कलम काय म्हणतं. मग मालकांना फोन करावा, आणि लेखी निरोप त्याच संध्याकाळी पाठवावा. शेवटचा पाहुणा गाडीत बसला की ‘सगळी मंडळी परतली, आता आम्ही चौघेच’ हा निरोप पाठवायला विसरू नये, कारण पुढच्या वेळी परवानगी मागताना मालकांना तोच आठवेल.